रिजेक्शन कशाला म्हणायचं

प्रिय मित्रा,

मंगळवारी रात्री पावणेदोनला आलेला तुझा मेसेज मी सकाळी वाचला. ‘सर, डेटिंग ॲपवर चौदा महिने झाले. दोन हजार रिजेक्शन. फॉल्ट माझ्यातच आहे.’ शनिवारी चहाच्या टपरीवर बोलणं झालं, पण तिथे तू ऐकण्यापेक्षा मान हलवण्याचंच काम जास्त केलंस, म्हणून लिहितोय.

रिजेक्शन हा शब्द तू माझ्याकडूनच शिकलास. भोसरीच्या कारखान्यात बाहेरून आलेले पार्ट तपासायला, इनवर्ड इन्स्पेक्शनला, तू रुजू झालास तेव्हा पहिल्या आठवड्यात मी तुला एकच गोष्ट घोकून घेतली होती. पार्ट हातात घेतला नाही, व्हर्निअर लावला नाही, स्लिपवर कारण लिहिलं नाही, तर लाल टॅग लावायचा नाही. क्रेटमधून बाहेर न आलेला पार्ट रिजेक्ट नसतो, तो नुसता पडून असतो. स्वतःच्या बाबतीत मात्र तू न मोजताच टॅग लावत सुटलायस.

तू ॲपकडून तुझा डेटा मागवून घेतलास हे बरं केलंस. मला वाटलं होतं कंटाळा करशील. ती फाइल आपण वहीच्या पाठकोऱ्या पानावर उतरवली, ते आकडे पुन्हा बघ. तू पाठवलेले लाइक 2,140. मॅच, म्हणजे समोरूनही लाइक आलं असे, 19. त्यातल्या 7 ठिकाणी कुणीच काही लिहिलं नाही, आणि तूही लिहिलं नाहीस. 8 ठिकाणी दहा मेसेजच्या आत बोलणं विरून गेलं. एकीशी महिनाभर चॅट चाललं, भेट झाली नाही. उरल्या 3, ज्यांना तू प्रत्यक्ष भेटलास. त्यातल्या एकीला तूच पुढे विचारलं नाहीस. एकीने दुसऱ्या भेटीनंतर स्पष्ट नाही म्हटलं. आणि एक चार वेळा भेटून गप्प झाली.

म्हणजे तुला बघून, तुझ्याशी बोलून, विचार करून ‘नको’ म्हणणारी माणसं चौदा महिन्यांत दोन.

बाकीच्या दोन हजारांचं काय? 2016 साली काही संशोधकांनी लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये टिंडर या डेटिंग ॲपवर खोटी प्रोफाइलं चालवून बघितली होती. दिसेल त्याला लाइक करायचं आणि किती मॅच येतात ते मोजायचं. पुरुषांच्या प्रोफाइलना शंभर लाइकमागे एकसुद्धा मॅच पूर्ण मिळाला नाही, 0.6 टक्के. बायकांच्या प्रोफाइलना दहा टक्क्यांच्या आसपास. तुझा आकडा 0.9 टक्के येतो. शहर वेगळं, काळ वेगळा, त्यामुळे ‘बघ, तू सरासरीच्या वर आहेस’ असं काही मी म्हणणार नाही. पण हे यंत्र कसं चालतं ते त्यावरून कळतं. पुरुष बोट थांबवत नाहीत, म्हणून मुलींकडे लाइकचा ढीग साचतो. ढीग साचला की त्या अधिक पारखून घेतात. मॅच येईनात म्हणून पुरुष आणखी सैल हाताने लाइक देतात आणि ढीग वाढतो. त्यात कुणी ॲप महिन्यापूर्वीच काढून टाकलेलं, कुणाचं लग्न ठरलेलं, कुणापर्यंत तुझा फोटो पोचलेलाच नाही. या सगळ्यांच्या नावावर तू ‘नाही’ लिहून ठेवलंयस.

आता तू म्हणशील, सर, हे कळतं पण वळत नाही. वळणार नाहीच, आणि यात तुझा कमकुवतपणा नाही. मानसशास्त्रात सायबरबॉल नावाचा एक साधा प्रयोग आहे. पडद्यावर तिघं चेंडू फेकतात, त्यातला एक तू. थोड्या वेळाने बाकीचे दोघं तुझ्याकडे चेंडू फेकणं बंद करतात, बस. तेवढ्यानेही माणसं खट्टू होतात. 2004 साली तर काही जणांना आधीच सांगून ठेवलं होतं, की समोर माणसं नाहीत, कॉम्प्युटर खेळतोय. तरी त्यांना तितकंच लागलं. म्हणून ‘मनाला लावून घेऊ नकोस’ हा सल्ला मी तुला देणार नाही. माहिती असूनही लागतं. आपल्या हातात एवढंच, की चेंडू न मिळण्याचे प्रसंग दिवसाला पाच न ठेवता आठवड्याला चारावर आणायचे.

आणि दुसरी बाजूही बघ. शनिवारी चहा येईपर्यंत तू सवयीने फोन काढलास. मी मोजत होतो. अकरा मुली डावीकडे गेल्या, म्हणजे नापसंत. एकीचं तर नावसुद्धा वाचलं नाहीस, ‘हिचा फोटो लग्नातला आहे’ म्हणालास. नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी 2020 मध्ये हेच मांडलं होतं. माणूस जितकी जास्त प्रोफाइलं ओळीने बघतो तितका त्याचा नकार वाढतो, पहिल्या प्रोफाइलपासून शेवटच्यापर्यंत होकाराची शक्यता सरासरी 27 टक्क्यांनी घसरते. शेवटच्या बॅचला डोळे थकलेला इन्स्पेक्टर चांगला पार्टही बाजूला टाकतो, हे तू माझ्यासमोर केलेलं आहेस. रात्री साडेअकराला गादीवर पडून पन्नासावी मुलगी बघताना तू कुणाला पसंत करणार आहेस? आणि तिकडे तीही तशाच थकल्या डोळ्यांनी तुला बघत असणार.

तेव्हा रात्रीचं बघणं बंद. जेवणाच्या सुट्टीत पंधरा मिनिटं, दहा प्रोफाइलं, त्याहून एक जास्त नाही. जिच्या लिहिलेल्या एखाद्या ओळीवर तुला खरोखर काही विचारावंसं वाटतं तिलाच लाइक, आणि सोय असेल तर ते वाक्य सोबत लिहूनच. आठवड्यात चार जातील किंवा दोन. मॅच झाला तर त्याच दिवशी लिही. आठवड्याच्या आत फोनवर दहा मिनिटं बोलायचं आहे का ते विचार, आणि फोन बरा झाला तर पुढच्या शनिवार-रविवारी दुपारी तासभर भेट. तीन आठवडे नुसतं चॅट चाललंय आणि भेटीचा विषय टळतोय, तर ते सोडून दे. मघाच्या त्या एका महिन्याच्या चॅटने तुझा जेवढा जीव खाल्ला तेवढा त्या स्पष्ट नकारानेही खाल्ला नव्हता, हे तूच म्हणालास.

प्रोफाइलमध्ये तू लिहिलंयस, ‘बघू कसं जमतंय.’ अरे, तुला लग्न करायचंय ना? मग ‘वर्ष-दीड वर्षात लग्नाचा विचार आहे, पुण्यातच राहणार, शिफ्टची नोकरी आहे’ असं लिहून टाक. मॅच कमी होतील. होऊ देत. जी शिफ्ट वाचून जाणार आहे ती चौथ्या भेटीनंतर जाण्यापेक्षा आधी गेलेली बरी.

आता त्या चौथ्या भेटीबद्दल. तिच्यावर तू टपरीवर बोललाच नाहीस, बिस्किट बुडवत राहिलास आणि ते कपात पडलं. खरा काटा तोच आहे. बाकीचे आकडे तू त्यावर पांघरूण म्हणून घेतोस असा मला संशय आहे.

1986 साली मी सात ठिकाणी कांदेपोहे खाल्ले. पाच ठिकाणांहून नकार आला, बहुतेक पोस्टकार्डावर, आणि मजकूर ठरलेला: ‘पत्रिका जुळत नाही, क्षमस्व.’ त्यातल्या साताऱ्याच्या स्थळाला तर आम्ही पत्रिका दिलीच नव्हती! आई दोन दिवस चिडली होती, मग आम्ही सगळेच हसलो. ती पद्धत फार थोर होती असं नाही. मुलींना त्यात जे सोसावं लागायचं ते मी बहिणीच्या वेळी जवळून पाहिलंय. पण त्या खोट्या कार्डाने एक काम चोख होत होतं. नकार कोणत्या तारखेला आला ते कळायचं, आणि दोष ग्रहांवर जायचा. फाइल बंद व्हायची. तुझी फाइल फेब्रुवारीपासून उघडीच आहे. ती ऑनलाइन होती का, स्टेटस बघितलं का, आपण तिसऱ्या भेटीत पगाराचं बोललो ते चुकलं का. कारण सापडणार नाही, कारण ते तुझ्याकडे नाहीच. तिच्या घरचं काही असेल, जुना कुणी परत आला असेल, किंवा तू तिला आवडला नसशील. हेही असू शकतं आणि ते मी तुझ्यापासून लपवणार नाही.

मग कार्ड तूच लिही. तीन ओळी: ‘आपल्या भेटी मला आवडल्या. बरेच दिवस उत्तर नाही, तेव्हा पुढे जायचं नाही असं मी समजतो. तुला शुभेच्छा.’ ‘का’ विचारायचं नाही, ‘निदान सांगायचं तरी’ हे लिहायचं नाही. पाठवलंस की चॅट काढून टाक आणि नंबरही. उत्तर आलं तर आलं, त्यासाठी हे लिहायचं नाहीये.

एक हिशेब मात्र राहिला. कोथरूडला भेटलेली ती पहिली मुलगी, जिच्याशी ‘क्लिक झालं नाही’ म्हणालास. तिला तू काय कळवलंस, असं मी विचारलं तेव्हा तू रस्त्याकडे बघत होतास. तिच्या वहीत तू कुठल्या रकान्यात आहेस, विचार कर. तिलाही दोन ओळी जाऊ देत, सात महिने उशिरा का होईना.

तुझ्यात फॉल्ट आहे का, याचं उत्तर आज माझ्याकडे नाही आणि तुझ्याकडेही नाही. तीन नगांवरून कुणी प्रोसेस बदलत नाही. या पद्धतीने आठ-दहा भेटी होऊ देत. दर वेळी पहिल्या भेटीनंतरच समोरून नकार येत असेल तर आपण बसून बघू की तू तिथे काय बोलतोस. मला अंदाज आहे, तू कंपनीबद्दल फार बोलतोस. भेटीपर्यंतच गाडी जात नसेल तर फोटो आणि मजकूर बघायचा. उंची, जात, पॅकेज यांच्या चाळणीत जिथे अडकशील तिथे आपला इलाज नाही, ते मी आधीच सांगतो.

आणि झोप जर अशीच दोन आठवडे उडालेली राहिली, तर ॲप महिनाभर काढून टाक आणि डॉक्टरांना दाखव. 14416 हा टेलि-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

रविवारी ये. काकूने थालीपिठाची भाजणी दळून आणलीय.

तुझा,
सर

ता. क. पहिला फोटो सिंहगडावरचा आहे, हेल्मेट घालून. दुसऱ्यात पाच जण आहेत आणि तू कोणता हे मलासुद्धा शोधावं लागलं. येताना इस्त्रीचा शर्ट घालून ये, गच्चीवर सकाळचा उजेड चांगला असतो.