ट्रान्झिट डेज आणि वर्किंग डेज

प्रश्न: पुण्याहून बंगळुरूला पार्सल पाठवताना काउंटरवर ‘ट्रान्झिट ३ डेज’ सांगितलं, पावतीवर मात्र ‘३ वर्किंग डेज’ छापलंय. दोन्ही एकच का? मराठीत काय म्हणावं?

उत्तर: एकच नाहीत, पण एकमेकांचे विरुद्धही नाहीत. गोंधळ होतो तो इथेच. ‘ट्रान्झिट’ हा शब्द कुठून कुठपर्यंतचा काळ मोजायचा ते सांगतो: पार्सल पाठवणाऱ्या शहरातून निघाल्यापासून पोचायच्या शहरात उतरेपर्यंतचा. ‘वर्किंग’ हा शब्द त्या काळातले कोणते दिवस मोजायचे आणि कोणते वगळायचे ते सांगतो. म्हणून काही कंपन्या ‘ट्रान्झिट ३ वर्किंग डेज’ असंही लिहितात आणि त्यात चूक काही नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा २८ ऑक्टोबरला गुरुवार आहे. तुम्ही संध्याकाळी साडेसहाला पार्सल दिलंत, पण शाखेतला माल हबला नेणारी गाडी सहालाच निघून गेली. पावतीवर तारीख गुरुवारची पडेल, पार्सल मात्र शुक्रवारी निघेल. हा शुक्रवार बहुतेक ठिकाणी शून्यावा दिवस धरतात.

आता सरळ दिवस मोजले तर शनिवार १, रविवार २, सोमवार ३. लांब पल्ल्याचा ट्रक रविवारीही धावतो, त्यामुळे सोमवारी पार्सल बंगळुरूच्या शाखेत हजर. पण त्या सोमवारी १ नोव्हेंबर, म्हणजे कन्नड राज्योत्सव. कर्नाटकात सुट्टी, पुण्यात नाही. वाटप बंद असेल तर पार्सल शाखेत पडून राहील आणि मंगळवारी दारात येईल. तेच तीन दिवस कामाचे म्हणून मोजले, तर शनिवार १, रविवार-सोमवार वगळून मंगळवार २ आणि बुधवार ३. कंपनी शनिवार धरत नसेल तर गुरुवार उजाडला. काउंटरवरचा माणूस खोटं बोलला नाही आणि पावतीही चुकलेली नाही. पहिला वाटेचा हिशेब सांगत होता, दुसरी हातात पडण्याचा.

मोबाइलवर दिसणारं In Transit मात्र आणखी तिसरंच प्रकरण आहे. पार्सल रविवारी हबमध्ये स्वस्थ पडलेलं असलं तरी तेच शब्द दिसतात. पाहायचं ते शेवटच्या स्कॅनचं ठिकाण आणि वेळ. ठिकाण बंगळुरूचं झालं असेल तर वाटेचे दिवस संपले; Out for Delivery दिसेपर्यंतची पुढची वाट फक्त वाटपाची.

मराठीपुरतं बोलायचं तर इथे आपली स्वतःची एक अडचण आहे. आपण मोजताना पुष्कळदा आजचा दिवस धरतो. एका आठवड्याला ‘आठ दिवस’ आणि दोन आठवड्यांना ‘पंधरा दिवस’ म्हणतो ते त्यामुळेच. शुक्रवारी कुणी ‘तिसऱ्या दिवशी पोचेल’ म्हणालं, तर ऐकणाऱ्याच्या डोक्यात रविवार येऊ शकतो आणि सांगणाऱ्याच्या डोक्यात सोमवार. कायद्याने हा प्रश्न आपल्यापुरता सोडवून ठेवला आहे: १८९७च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम ९ नुसार, कायद्यात ‘अमुक दिवसापासून’ म्हटलं की तो पहिला दिवस वगळला जातो. कुरिअरच्या पावतीला हे कलम लागत नाही, पण मोजायची रीत तीच दिसते. प्रत्ययांकडेही लक्ष ठेवावं. ‘तीन दिवसांत’ म्हणजे त्याच्या आतही चालेल. ‘तीन दिवसांनी’ म्हणजे तेवढे उलटल्यावर. अंदाज सांगताना ‘दिवसांनी’ म्हणणारा माणूस जास्त प्रामाणिक, असं माझं मत.

वर्किंग डेजसाठी ‘कामाचे दिवस’ पुरेसं आहे. छापील मजकुरात ‘कार्यदिवस’ चालेल, बोलताना तो घशात अडकतो. ट्रान्झिटसाठी सरकारी ‘पारगमन’ कुणाला कळणार नाही, आणि ‘संक्रमण’ म्हटलं की एक तर मकरसंक्रांत आठवते किंवा साथीचा रोग. ‘वाटेतले दिवस’ म्हणावं. पावतीवर असं छापता येईल: ‘शुक्रवार दि. २९ रोजी रवाना. वाटेतले दिवस ३ (रविवार धरून). वाटप फक्त कामाच्या दिवशी, सुट्ट्या पोचण्याच्या शहराच्या.’ एवढी जागा पावतीवर नसेल, तर सरळ तारीख लिहून मागा. तारखेत शून्यावा दिवस कोणता, हा वाद उरत नाही.