बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळ्या बंद करता येतात का?

प्रश्न: आईचं बीपी दोन महिन्यांच्या गोळ्यांनी १२६/८० वर आलंय. ती म्हणते, "आता बरं झालंय, उगाच सवय कशाला लावून घ्यायची?" चार दिवस झाले, गोळ्या बंद आहेत आणि तरी मशीनवर नॉर्मलच दाखवतंय. मग कायमच्या बंद केल्या तर चालतील का?

उत्तर: नाही. आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन करा, चार दिवसांचा खंड पडलाय हे सांगा आणि ते म्हणतील तशा गोळ्या पुन्हा चालू करा. राहिलेल्या दिवसांच्या गोळ्या भरून काढायच्या म्हणून एकदम जास्त मात्र देऊ नका.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दवाखाना चालवते. बीपी मोजण्याआधी पेशंटला पाच मिनिटं शांत बसवावं लागतं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, बोलणं बंद. ती पाच मिनिटं मी बाहेरच्या बाकांपाशी उभी राहून बोलते. तुमच्या आईंचा प्रश्न तिथे दर आठवड्याला येतो, म्हणून तिथे जे सांगते तेच इथे लिहिते.

वरचा आकडा म्हणजे हृदय आकुंचन पावून रक्त ढकलतं तेव्हाचा दाब, खालचा म्हणजे दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीतला. वय वाढतं तशा रक्तवाहिन्या कडक होतात, जेवणातलं मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं, बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू आवळलेले राहतात आणि दाब चढतो. ही कारणं दोन महिन्यांत नाहीशी होत नाहीत. गोळी त्या स्नायूंना सैल ठेवते, पण ती शरीरात असेल तोवरच. १२६/८० हा आईंचा गोळी घेतलेला आकडा आहे.

मग चार दिवस नॉर्मल कसं? आईंच्या चिठ्ठीवर बहुतेक अॅम्लोडिपिन असेल, कारण आपल्याकडे सुरुवात बऱ्याचदा त्याच गोळीने होते. या औषधाचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच साधारण ३० ते ५० तास लागतात. म्हणजे चार दिवसांनीही आधीच्या औषधाचा आठवा ते चौथा हिस्सा शरीरात उरलेला असतो. त्यानंतर बीपी हळूहळू, आठवड्या-दोन आठवड्यांत जुन्या जागी जातं. नेमकं तोवर घरच्यांनी मशीन कपाटात ठेवलेलं असतं. या गोळीच्या बाबतीत सगळ्यात मोठी फसगत इथेच होते, म्हणून मी हे बाकावर दोनदा सांगते.

माझ्याकडे पिठाची गिरणी चालवणारे एक गृहस्थ येतात, वय छप्पन्न. पहिल्यांदा १७२/१०४ होतं, दुसऱ्या दिवशीही तेवढंच. अॅम्लोडिपिन ५ सुरू केली, महिन्याने १५०/९४ झालं. टेल्मिसार्टन ४० जोडली, पुढच्या महिन्यात १२८/८२. मग ते यायचे बंद झाले. दीड महिन्याने आले ते गुडघा दुखतो म्हणून. बीपी १७६/१०६, आणि त्रास काहीच नाही, डोकंसुद्धा दुखत नव्हतं. गोळ्या सोडल्यावर पाचव्या दिवशी त्यांनी शेजारच्यांच्या मशीनवर मोजलं होतं, १३४/८४ आलं, ते पाहून ते निर्धास्त झाले. त्यात गुडघ्यासाठी मेडिकलमधून डायक्लोफिनॅक घेत होते. असल्या वेदनाशामक गोळ्या बीपी चढवतात आणि मूत्रपिंडावरही ताण आणतात.

पण गोळी सोडण्याचं खरं कारण वेगळंच निघालं. आधी म्हणाले, "बरं वाटत होतं." मग म्हणाले, "संपल्या होत्या." बऱ्याच वेळाने सांगितलं, "संध्याकाळी दोन्ही पाय सुजायचे हो. गोळीने किडनी गेली असं वाटलं." अॅम्लोडिपिनने काहींचे घोटे सुजतात. बारीक रक्तवाहिन्या सैल झाल्यामुळे थोडं पाणी बाहेर झिरपून पायात उतरतं, त्याचा मूत्रपिंड बिघडण्याशी संबंध नसतो. तरी लघवी आणि रक्ताची तपासणी केली, कारण सूज इतर आजारांचीही असू शकते. तपासणी ठीक आली. अॅम्लोडिपिन निम्मी, म्हणजे २.५ केली, टेल्मिसार्टन ८० केली, डायक्लोफिनॅक बंद केलं. चार आठवड्यांनी १३२/८४ आणि सूज उतरलेली. सूज सुरू झाली त्याच आठवड्यात ते बोलले असते तर हे तेव्हाच झालं असतं. म्हणून आईंना एकदा शांतपणे विचारा: पाय सुजतात का, उठताना चक्कर येते का, कोरडा खोकला आहे का, रात्री लघवीला उठावं लागतं का, की गोळ्यांचा खर्च जड जातोय? यातल्या प्रत्येकावर काही ना काही उपाय आहे, गोळी बदलण्यापासून सरकारी दवाखान्यातून मोफत घेण्यापर्यंत. पण त्यासाठी ते डॉक्टरांच्या कानावर जायला हवं.

राहिली सवयीची भीती. बीपीच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. मात्र काही गोळ्या अचानक तोडल्या की नुसतं जुनं बीपी परत येत नाही, ते उसळतं. एटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल एकदम बंद केली तर नाडी धावते, आणि ज्यांना आधीच हृदयविकार आहे त्यांच्या छातीत कळ येऊ शकते, हार्ट अटॅकही येऊ शकतो. क्लोनिडिनचं तर एक-दोन दिवसांतच धोकादायक बीपी होतं. या गोळ्या थांबवायच्या असतील तर डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात. चिठ्ठीत यातलं एखादं नाव असेल तर फोनवर ते पहिल्यांदा सांगा.

गोळ्या कधीच कमी होत नाहीत असंही नाही. आठ-दहा किलो वजन उतरलं, मीठ, लोणचं, पापड खरोखर आवरलं, उभं राहिल्यावर अंधारी येऊ लागली किंवा वरचा आकडा सतत ११० च्या खाली राहिला, तर आम्ही स्वतःहून डोस कमी करतो. एका वेळी एकच गोळी, आणि दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा मोजणी. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल तेव्हा टेल्मिसार्टनसारख्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या काही दिवस थांबवाव्या लागू शकतात. तेही त्याच दिवशी फोन करून, आणि पुन्हा कधी सुरू करायच्या हे विचारून.

आता या आठवड्यात एवढं करा. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी जेवणाआधी बीपी मोजा. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू नको, लघवीला जाऊन यायला सांगा. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा, आवडलेला एकच नको. सात दिवसांची सरासरी घरी १३५/८५ च्या खाली असावी. वही आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं, गुडघ्या-कंबरेच्या आणि आयुर्वेदिक औषधांसकट, पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. मधल्या काळात आकडा १८०/१२० च्या वर गेला आणि सोबत छातीत दुखणं, दम, तोंड वाकडं होणं, बोबडं बोलणं किंवा एका बाजूची ताकद जाणं यातलं काही दिसलं, तर घरी गोळी देऊन वाट बघू नका, १०८ ला फोन करा. आकडा कमी असला तरी ही लक्षणं दिसली की हेच करायचं.