व्हिसासाठी पगाराचा दाखला: एचआरला पत्र

प्रश्न: व्हिसासाठी कंपनीकडून पगाराचा दाखला हवाय. पत्रात काय लिहू?

उत्तर: एवढं पुरतं:

"महोदय,
पर्यटक व्हिसासाठी मला पगाराचा दाखला हवा आहे. त्यात पासपोर्टप्रमाणे माझे पूर्ण नाव, पद, रुजू झाल्याची तारीख, दरमहा एकूण व हाती येणारा पगार आणि मंजूर रजेच्या तारखा असाव्यात. दाखला लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह मिळावा. सही करणाऱ्याचे नाव, पद व फोन नंबरही द्यावा. पासपोर्टची प्रत जोडली आहे.
आपला विश्वासू"

हाती येणारा पगार मुद्दाम मागा. दाखल्यात नुसते एकूण 60,000 आणि बँकेच्या स्टेटमेंटमध्ये 52,000 जमा दिसले, की तपासणारा अडतो. कपातीनंतरचा आकडा शेजारी असला की मेळ लागतो. नावाचं स्पेलिंगही पासपोर्टशी ताडून बघा. एचआर बहुधा जुन्या फाइलमधूनच उचलतं.