९० दिवसांचा दाखला: ठेकेदार बदलले असतील तर दिवस कसे मोजावेत

प्रश्न: "मी गवंडी आहे. ठेकेदाराने १ नोव्हेंबर २०२३ ते ३१ जानेवारी २०२४ असा ९२ दिवसांचा दाखला दिला होता. १० जानेवारी २०२५ ला अर्ज भरला, तो नामंजूर झाला. दिवस तर भरतात, मग अडले कुठे?"

अडचण दिवसांच्या संख्येत नसून ते दिवस कधीचे आहेत यात आहे. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी होते ती १९९६ च्या केंद्रीय कायद्यापासून चालत आलेल्या अटीवर: वय १८ ते ६० आणि मागील बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामाचे काम. हे बारा महिने अर्जाच्या तारखेपासून मागे मोजायचे असतात. त्यामुळे आपल्या दाखल्यातील नोव्हेंबर आणि डिसेंबर २०२३ पूर्णपणे बाहेर पडतात. उरतात ते १० ते ३१ जानेवारी २०२४ चे २२ दिवस, आणि त्यातही सुट्ट्या वजा केल्या तर समजा १९ हजेऱ्या.

मात्र हे ९० दिवस सलग असावेत किंवा एकाच मालकाकडचे असावेत, असे कायदा म्हणत नाही. फेब्रुवारीनंतर आपण दुसऱ्या साइटवर ७४ दिवस भरले असतील, तर १९ आणि ७४ मिळून ९३ होतात. त्या दुसऱ्या ठेकेदाराचा स्वतंत्र दाखला घ्यावा आणि पहिल्या ठेकेदाराकडूनही सुधारित दाखला मागावा. दाखल्यात कामाचे स्वरूप, साइटचा पूर्ण पत्ता, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत काम केले, प्रत्यक्ष हजेरीचे दिवस, ठेकेदाराचा नोंदणी क्रमांक व मोबाइल क्रमांक, सही आणि शिक्का असावा. "हा माझ्याकडे कामाला होता" एवढ्या एका ओळीवर पडताळणी करणाऱ्याला काहीच तपासता येत नाही. आपले नावही आधार कार्डावर आहे तसेच लिहून घ्यावे; आधारावर वडिलांचे नाव आणि दाखल्यावर नुसते आडनाव, अशा फरकानेही अर्ज अडकतात.

नाक्यावरून रोज वेगळ्या कामावर जाणाऱ्यांना असा ठेकेदार मिळत नाही. त्यांच्यासाठी गावात ग्रामसेवक आणि शहरात नगरपालिका किंवा महानगरपालिका हा दाखला देते. तिथे जाताना हजेरीची वही किंवा मुकादमाच्या चिठ्ठ्या सोबत ठेवाव्यात. पैसे घेऊन कोऱ्या शिक्क्याचा दाखला देणाऱ्या दलालाकडे कृपया जाऊ नका, कारण पडताळणीचा फोन त्या दाखल्यावरच्या क्रमांकावर जातो आणि खोटेपणा उघड झाला की नुकसान कामगाराचेच होते.

नोंदणी झाल्यावरही दरवर्षी नूतनीकरणाला नवा ९० दिवसांचा दाखला लागतो, म्हणून साइट सोडतानाच तो लिहून घ्यावा. कामावरील अपघातात जखमी होऊन घरी बसावे लागले असेल, तर लाभार्थीपण टिकवण्यासाठी ९० दिवस मोजताना तो गैरहजेरीचा काळ वगळण्याची तरतूद कायद्यात आहे. त्यासाठी दवाखान्याचे कागद जपून ठेवावेत.