डोळ्याचा दाब: झोताचा आकडा, टोकाचा आकडा

प्रश्न: हवेच्या मशीनवर २४, १९, २० असे आकडे आले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी डोळ्याला टोक लावून मोजला तर १८. खरा कोणता?

भरवसा १८ वर ठेवा. हवेचा झोत काही मिलिसेकंदांचा असतो आणि नाडीच्या ठोक्यागणिक दाब पाऱ्याच्या दोन-तीन मिलिमीटरने वर-खाली होतो. झोताला त्यातला एकच क्षण सापडतो. म्हणून किमान तीनदा मोजतात. पहिल्या झोताला माणूस दचकतो, पापण्या आवळतो, श्वास धरतो. तुमचे २४ बहुधा त्यातूनच आले.

टोकाच्या तपासणीत बधिर करणारा थेंब आणि पिवळा रंग घालतात. निळ्या प्रकाशात दोन हिरवी अर्धवर्तुळं दिसतात. त्यांच्या आतल्या कडा एकमेकींना टेकेपर्यंत डॉक्टर चकती फिरवतात. ठोक्याबरोबर कडा हलतात तेही दिसतं, त्यामुळे मधला आकडा घेता येतो. मात्र रंग जास्त झाला की वर्तुळं जाड दिसतात आणि आकडा फुगतो. शिवाय दाब दिवसभरात बदलतो, तेव्हा वेळ लिहून ठेवा आणि डोळ्याची नस एकदा तपासून घ्याच.

प्रश्न: हवेच्या झोताने डोळ्याला इजा होते असं ऐकलं. खरं का?

नाही. नुकतंच ऑपरेशन किंवा जखम झाली असेल तर मात्र आधी सांगा.

प्रश्न: लेसरने चष्मा घालवला आहे. दुकानातल्या मशीनवर दर वर्षी १४ येतात. वडिलांना काचबिंदू आहे, पण मी सुरक्षित ना?

या १४ वर तसं म्हणता येत नाही. झोत असो वा टोक, दोन्ही बुबुळावरचा पारदर्शक पडदा दाबूनच मोजतात. टोकाच्या उपकरणाचं गणित सुमारे ५२० मायक्रॉन जाडी धरून बसवलेलं आहे. लेसरने तुमचा पडदा पातळ केला. समजा तो ४५० उरला, तर तो कमी जोरात दबतो आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. किती कमी, हे नेमकं सांगणारं सूत्र नाही. तक्त्यात बघून चार-पाच मिळवून देणाऱ्यांवर विसंबू नका. आणि दाब २१ च्या, म्हणजे नेहमीच्या मर्यादेच्या, आत असूनही काचबिंदू होतो.

‘मोफत काचबिंदू तपासणी’ म्हणून झोत मारून ‘नॉर्मल’ लिहून देतात, याची मला चीड आहे. त्या कागदाच्या भरवशावर लोक वर्षं घालवतात, आणि गेलेली नजर परत येत नाही. वडिलांना काचबिंदू असताना तर थांबूच नका. याच महिन्यात नेत्रतज्ज्ञांकडे जा, लेसरचं आधी सांगा, जुने कागद न्या. पडद्याची जाडी, बाहुली मोठी करून नस, नसेचं ओसीटी स्कॅन आणि दृष्टिक्षेत्र, एवढं झाल्यावरच १४ चा अर्थ लागेल.

प्रश्न: दाब मोजायच्या दिवशी काचबिंदूचे थेंब बंद ठेवू का?

नाही. नेहमीच्या वेळी घाला, शेवटचा थेंब कधी घातला ते सांगा. बंद करायचे असतील तर तुमचे डॉक्टर सांगतील.