दुकान-दुकान खेळात मुलांना उरलेले पैसे परत द्यायला कसं शिकवायचं?

प्रश्न: मी दुसरीला शिकवते. वर्गात दुकान मांडलं की मुलं रमतात, पण नोटा-नाणी हातात आली की हिशेब कोलमडतो. उरलेले पैसे परत देणं तर कुणालाच जमत नाही. पाटीवर वजाबाकी बरोबर येते, मग दुकानात का येत नाही?

उत्तर:

कारण दुकानात वजाबाकी कुणी करतच नाही. आमच्या गल्लीतल्या किराणावाल्याकडे छत्तीस रुपयांचं सामान घेऊन पन्नासची नोट द्या. तो आधी चार रुपये ठेवतो, म्हणतो "चाळीस". मग दहाची नोट ठेवतो, म्हणतो "पन्नास". छत्तीसपासून पन्नासपर्यंत भर घातली की झालं. मुलांना आपण पाटीवरची मांडणी शिकवतो आणि दुकानात मात्र भर घालण्याची अपेक्षा करतो.

मी सोलापुरात पूर्व भागातल्या शाळेत शिकवते, बरीच वर्षं दुसरीच. वर्गातलं दुकान म्हणजे दोन बाकं, त्यावर शेंगाचटणीच्या पुड्या (आत भुसा), कडक भाकरी (पुठ्ठ्याची), पेन्सिली, साबण. भर घालायला लावण्याआधी एक गोष्ट तपासा. मुलाच्या हातावर पाचचं एक, दोनची दोन आणि एकचं एक नाणं ठेवा आणि किती रुपये विचारा. "चार" असं उत्तर आलं, तर ते मूल पैसे नव्हे, नाणी मोजतंय. दुसरीच्या सुरुवातीला असं उत्तर देणारी मुलं माझ्याकडे दरवर्षी निघतात, आणि ती हुशार मुलंही असतात. आकारावरूनही ओळखता येत नाही, कारण जुनं एक रुपयाचं नाणं २०१९ नंतरच्या दोन रुपयांच्या नाण्यापेक्षा मोठं आहे. मोठं ते जास्त किमतीचं, हा मुलांचा ठोकताळा इथे फसतो.

यावर माझा उपाय म्हणजे वीस चौकटींची कागदी पट्टी. एकचं नाणं एका चौकटीवर बसतं. पाचचं नाणं ठेवायचं तर बोटाने पाच चौकटी पुढे जायचं आणि पाचव्या चौकटीत ते ठेवायचं. तिथून पुढे सहा, सात. दोन-तीन दिवसांत पट्टी बाजूला पडते, पण बोट हवेत पाच उड्या मारताना दिसतं. तोवर दुकानात फक्त एकची आणि पाचची नाणी, वस्तू दहाच्या आत आणि किंमत बरोबर तेवढीच द्यायची, परत काही नाही. दोनचं नाणं मी मुद्दाम उशिरा आणते. दोन-दोनने मोजणं आणि एक-एकने मोजणं यांची सरमिसळ झाली की सगळं पहिल्यापासून करावं लागतं. दहाची नोट आली की एकक-दशक आपोआप येतं: नोटा म्हणजे दशक, नाणी म्हणजे सुटे. गणिताच्या तासातला "सुटे" आणि दुकानातला "सुट्टे" एकच, हे मुलांना कळतं तेव्हा त्यांना फार गंमत वाटते.

आता उरलेले पैसे. पुडी सतरा रुपयांची, गिऱ्हाइकाने वीसची नोट दिली. दुकानदार मूल नाणी ठेवत मोजतं: "सतरा, अठरा, एकोणीस, वीस." चार नाणी ठेवली. गिऱ्हाईक खूश, दुकान तोट्यात. ही चूक इतकी ठरलेली आहे की मी आता तिची वाटच बघते. मूल पहिलं नाणं ठेवताना "सतरा" म्हणतं, म्हणजे किंमतच पुन्हा मोजतं. "सतरा नको, अठरापासून सुरू कर" असं सांगून दुसऱ्या दिवशी काही उरत नाही. त्याऐवजी हात बांधून घ्या: "सतरा" म्हणताना तळहात पुडीवर ठेवायचा, नाण्याला शिवायचं नाही. सतरा रुपये पुडीत गेले. मग पुडी गिऱ्हाइकाकडे सरकवायची आणि पहिल्या नाण्याला "अठरा". एकोणीस, वीस. नाणी तीन. हात पुडीवर गेला की चूक जवळजवळ थांबते.

यानंतर गिऱ्हाइकाने तपासायचं. पुडी आणि परत आलेले पैसे शेजारी ठेवून बेरीज करायची. ती दिलेल्या नोटेइतकी भरली पाहिजे. इथे पाटीवरची बेरीज उपयोगाला येते. मी तिसरं मूल हिशेबनीस म्हणून बसवते, म्हणजे भांडण माझ्यापर्यंत येत नाही. तिघांपेक्षा जास्त मुलं एका दुकानावर ठेवू नका, उरलेली नुसती बघत बसतात.

सतरा-वीस पक्कं झालं की छत्तीस-पन्नास. इथे दोन टप्पे लागतात: आधी पुढचा दशक गाठायचा, मग दहा-दहाने जायचं. छत्तीस पुडीवर, चार नाणी, "चाळीस", दहाची नोट, "पन्नास". चौदा परत. मुलं चाळीसला थांबून चारच देतात किंवा उलट दहाची नोट आधी टाकून "शेचाळीस" म्हणतात. दुसरं चूक नाही, त्यांना तसंच पुढे मोजू द्या: शेचाळीस, मग चार नाणी, पन्नास.

किमती ठरवताना मी पहिल्या वर्षी एक घोळ घातला होता. सगळ्या वस्तू दहा, पंधरा, वीस. मुलांना सगळं आलं, आणि मला वाटलं झालं. खरं तर त्यांना फक्त पाचचा पाढा येत होता. किंमत सात, आठ, नऊने संपली की भर घालायला खरी जागा मिळते.

सोलापुरात आणखी एक अडचण असते, ती आकड्यांच्या नावांची. माझ्या वर्गातली अर्धी मुलं घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड. तेलुगूत इरवै एडु म्हणजे वीस-सात, कन्नडमध्ये इप्पत्तेळु, तिथेही वीस आधी. मराठीत मात्र सत्तावीस, सात आधी. दोन दहाच्या नोटा आणि सात नाणी समोर असताना मूल "बहात्तर" म्हणतं, तेव्हा पैसे चुकलेले नसतात, बोलणं उलटलेलं असतं. मग मी नोटा आधी आणि नाणी नंतर ठेवायला लावते आणि "वीस, आणि सात" म्हणू देते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस एक" आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, पण दुकानाच्या बाकावर ते वाचन मला फार कामी आलं. सत्तावीस हे नाव मी त्यानंतर शेजारी ठेवते, सोडत नाही. एकोणतीस, एकोणचाळीसला मात्र वेगळा सराव लागतोच.

खरी नाणी वापरायची की खोटी? नाणी खरी, नोटा कागदाच्या हाताने रंगवलेल्या, आकाराने लहान. नोटांच्या रंगीत झेरॉक्स काढू नका. नाणी एका ताटलीत मोजून द्या आणि तास संपला की मुलांनाच मोजून परत घ्यायला लावा. एकदा मी शंभर रुपयांची नाणी वाटली आणि त्र्याऐंशी गोळा झाली. सतरा रुपये कुठे गेले, हा त्या दिवशीचा सगळ्यात मन लावून सोडवलेला हिशेब होता. त्यातले बारा रुपये कंपासपेट्यांत सापडले.

आणि दहाचं नाणं दिलं की एखादा दुकानदार हमखास म्हणतो, "बाई, हे चालत नाही." बाहेर ऐकलेलं असतं. रिझर्व्ह बँकेने दहाची सगळ्या प्रकारची नाणी वैध असल्याचं २०१८ मध्येच स्पष्ट केलंय, तेवढं सांगून ते घ्यायला लावा. गेल्या आठवड्यात एका पोराने त्यापुढची मजल मारली. हाताने काढलेला चौकटी-चौकटींचा कागद बाकावर चिकटवला आणि म्हणाला, "स्कॅन करा, सुट्टे नाहीत."