'राहून गेलं' इंग्रजीत कसं न्यावं?

प्रश्न : 'बाबांवरच्या माझ्या ललित लेखाचा मीच इंग्रजी अनुवाद करतेय. लेखात असं आहे : "बाबा दर महिन्याला पत्र लिहायचे. माझं मात्र लिहायचं राहूनच गेलं." याचं मी "ही रोट टू मी एव्हरी मंथ. आय नेव्हर रोट बॅक." असं केलं. अर्थ तोच आहे, तरी मराठीतली हळहळ जाऊन गुन्हा कबूल केल्यासारखं वाटतं. असं का होतं?'

अर्थ तोच राहिलेला नाही, म्हणून तसं वाटतं. तुमचं इंग्रजी वाक्य पुन्हा मराठीत आणून बघा : 'मी त्यांना कधीच उत्तर लिहिलं नाही.' हे वाक्य मूळ लेखातही लिहिता आलं असतं, पण तुम्ही ते लिहिलं नाहीत.

'माझं लिहायचं राहून गेलं' या वाक्यात 'मी' कर्ता नाही. राहिलं ते काम, आणि ते काम माझं, एवढाच माझा त्याच्याशी संबंध. शिवाय 'लिहायचं' या रूपातच इरादा दडलेला आहे. जे लिहायचं मनातच नव्हतं, ते लिहायचं राहू शकत नाही. पुढे 'जाणे' या क्रियापदाने आणखी दोन गोष्टी येतात : हे नकळत घडलं, आणि आता ते हातचं गेलं. 'च' ने त्यावर शिक्का बसतो. म्हणजे वाचकाला आधी कळतं की मनात होतं, मग कळतं की झालं नाही, आणि शेवटी कळतं की आता होणार नाही.

'आय नेव्हर रोट बॅक' मध्ये यातलं फक्त शेवटचं उरलं. 'नेव्हर' ने 'च' चं काम चोख केलं, पण इरादा गळून पडला. इराद्याशिवाय उरलेलं न लिहिणं हे नकारासारखं ऐकू येतं. तुम्हाला जाणवलेला कबुलीचा सूर तिथून आला आहे.

इथे आपल्याला पहिला मोह होतो तो इंग्रजीतही कर्ता लपवण्याचा : 'द लेटर वॉज नेव्हर रिटन.' हे मात्र करू नका. मराठीत कर्ता मागे सरला की वाक्य मऊ होतं. 'राग आला', 'आठवण झाली', 'डोळा लागला', 'तोंडून निघून गेलं', अशा वाक्यांची आपल्याला सवय आहे. भावना आणि चुका माणसाला होतात, तो त्या दर वेळी करतोच असं नाही, हे मराठी वाचक गृहीत धरतो. इंग्रजी ललित गद्यात मात्र पहिल्या पुरुषात बोलणाऱ्याने स्वतःच्याच कृतीसाठी कर्मणी प्रयोग वापरला, की तो अंग काढून घेतोय असा वास येतो. कार्यालयीन पत्रांतली 'चूक झाली आहे' छापाची वाक्यं आठवा. मराठीत ज्या रचनेने तुम्ही हळव्या वाटता, त्याच रचनेने इंग्रजीत पळपुट्या वाटाल.

दुसरा मोह 'आय नेव्हर गॉट राउंड टू रायटिंग बॅक' चा. अर्थाच्या दृष्टीने हे 'राहून गेलं' च्या सर्वांत जवळ आहे, इरादाही त्यात येतो. पण त्याची पातळी कपाट आवरायचं राहिलं अशा गोष्टींची आहे. मराठीत 'राहून गेलं' हे कपाटालाही चालतं आणि वडिलांनाही चालतं. इंग्रजीतला हा वाक्प्रचार वडिलांना तोकडा पडतो.

मला तुमच्या वाक्यात सर्वांत मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट. बाबा 'लिहायचे' आणि माझं 'लिहायचं'. दिसायला रूप जवळपास एकच. पहिलं रीतिभूतकाळाचं, म्हणजे बाबा लिहीत असत या अर्थाचं, आणि दुसरं करायच्या कामाचं. त्यांची सवय आणि तुमचा इरादा एकाच धातूच्या एकाच रूपात शेजारी बसलेत, आणि पहिलं घडत राहिलं, दुसरं घडलंच नाही. लिहिताना हे ठरवून केलंत की नाही कोण जाणे, पण लेखाची ताकद त्या प्रतिध्वनीत आहे. 'रोट' आणि 'नेव्हर रोट' मध्ये तो नाही. तिथे नुसता विरोध आहे.

सुदैवाने इंग्रजीतही असं दुहेरी काम करणारं एक क्रियापद आहे : 'वुड'. ते जुनी सवय सांगतं, आणि भूतकाळातून पुढे पाहणारा इरादाही सांगतं. त्याचा उपयोग असा करून बघा :

'ही वुड राइट टू मी एव्हरी मंथ. आय वुड राइट बॅक, आय टोल्ड मायसेल्फ, नेक्स्ट वीक. आय नेव्हर डिड.'

आता 'नेव्हर' आलं ते इराद्याच्या मागून, मराठीत ज्या क्रमाने येतं त्याच क्रमाने. दोन 'वुड' शेजारी आल्याने प्रतिध्वनीही परत मिळाला. 'आय टोल्ड मायसेल्फ, नेक्स्ट वीक' हे मूळ लेखात शब्दशः नाही, पण 'लिहायचं' मध्ये दडलेलं होतं तेच उघड केलंय. दुसऱ्याचा लेख असता तर मी एवढी मोकळीक घ्यायला कचरलो असतो. लेख तुमचा आहे, तुम्ही ती घ्यावी. रवींद्रनाथांनी आपल्या छंदोबद्ध बंगाली कविता इंग्रजीत नेताना छंद सोडून सरळ गद्य पत्करलं होतं. त्या मानाने एक वाक्यांश वाढवणं फार नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. परिच्छेदाच्या सुरुवातीलाच 'ही वुड राइट' आलं तर वाचक क्षणभर 'त्यांनी लिहिलं असतं' असं वाचू शकतो. आधीच्या वाक्यात 'यूज्ड टू' किंवा काळाचा स्पष्ट उल्लेख येऊ द्या. आणि ही जोडी लेखात एकदाच वापरा. दर परिच्छेदात 'वुड' आलं तर तो प्रतिध्वनी न राहता नुसती लकब होईल.

याच लेखात पुढे कुठे 'आपण' असेल, ('आपण म्हणतो, पुढच्या आठवड्यात लिहू', अशा धर्तीचं) तर तिथेही थांबून विचार करा. 'वुई' केलंत की वाचकाला उपदेश केल्यासारखं वाटेल, 'वन' फार ताठ आहे. 'यू' चालतं, पण ते एखाद्याच वाक्यापुरतं ठेवा. त्यानंतर लगेच 'आय' वर परत या, नाहीतर दोष वाचकावर ढकलल्यासारखा वाटतो.

हे सगळं करून इंग्रजी लेख आठवडाभर बाजूला ठेवा आणि मग मूळ न बघता तो भाग तोंडी मराठीत सांगा. तोंडून 'मी लिहिलंच नाही' निघालं तर इंग्रजी अजून कठोर आहे, 'लिहिणं झालं नाही' निघालं तर ते गुळमुळीत आहे. 'माझ्याकडून राहिलं' असं निघालं तर पंचाईत वेगळी आहे. 'माझं राहून गेलं' पेक्षा 'माझ्याकडून राहून गेलं' मध्ये जबाबदारी जास्त, आणि ही पायरी मराठीतच उपलब्ध आहे. इंग्रजीने 'आय' लिहायला भाग पाडल्यावर तुम्हाला तीच खरी वाटू लागली असेल, तर बदल अनुवादात करू नका, मूळ मराठी वाक्यात करा.